लाइन गेली तर

सकाळी साडेसातला मी आरोग्य केंद्रात पोचलो तेव्हा परिचर काका लसीच्या खोलीच्या दारात उभे होते. हातात एक कागद होता, घामाने मऊ पडलेला. आदल्या रात्री नवतप्यातलं ते नेहमीचं वादळ येऊन गेलं होतं. आधी धूळ, मग चार थेंब, मग कुठंतरी तार तुटते आणि अख्खा फीडर बंद. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या भागात मे महिन्याच्या शेवटी याचं कुणाला नवल वाटत नाही. लाइन रात्री साडेअकराला गेली होती, पहाटे चारला आली होती.

"सर, सगळं कागदात लिहिलं तसंच केलं," काका म्हणाले. "पहा तुमी."

कोल्ड बॉक्सचं झाकण उघडलं. पेंटाव्हॅलंट लसीच्या व्हायल आइस पॅकला चिकटून बसल्या होत्या. एक उचलून उजेडात धरली. आत बर्फाचा खडा होता. दुसरीतही तेच. तिसरी अर्धी पाणी, अर्धी चुरा. एकूण 22 व्हायल पेंटाच्या आणि टीडीचं एक खोकं. उन्हाळ्याच्या रात्री लाइन गेली म्हणजे लस गरम होऊन खराब होईल, ही आम्हा सगळ्यांची भीती. ती गोठून खराब झाली होती.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात लसी ज्या यंत्रात ठेवतात त्याला आयएलआर म्हणतात. घरच्या फ्रीजसारखं त्याचं दार पुढे उघडत नाही, झाकण वर असतं. थंड हवा जड असते, त्यामुळे वरचं झाकण उघडलं तरी ती खाली बसून राहते. आतल्या भिंतींत बर्फाचं अस्तर असतं. लाइन गेली तरी ते अस्तर कित्येक तास आतली थंडी धरून ठेवतं, अट एकच, झाकण बंद पाहिजे. आतलं तापमान 2 ते 8 अंश सेल्सिअसच्या मधे ठेवायचं असतं. शेजारी डीप फ्रीझर असतो, उणे 15 ते उणे 25 अंशांचा. आमच्या पातळीवर त्यात लस ठेवत नाहीत, फक्त आइस पॅक गोठवतात. लस बाहेर न्यायची झाली किंवा आयएलआर बंद पडला, तर हे आइस पॅक कोल्ड बॉक्समध्ये भिंतीला लावायचे आणि मधे लस ठेवायची.

मात्र फ्रीझरमधून काढलेला पॅक तसाच लावायचा नसतो. तो उणे 20 च्या आसपास असतो. पेंटा, हिपॅटायटिस बी, टीडी या लसींमधलं द्रव्य ॲल्युमिनियमच्या क्षारावर बसवलेलं असतं. लस गोठली की त्या क्षाराच्या गुठळ्या होतात आणि मग ती वितळवली तरी पूर्वीसारखी होत नाही. हिपॅटायटिस बी तर शून्याच्या जरासं खाली गेली की गोठते. म्हणून पॅक आधी बाहेर काढून ठेवायचा, आतला बर्फ थोडा सुटू द्यायचा, मग लावायचा. याला कंडिशनिंग म्हणतात. काकांनी ते केलं नव्हतं.

पुढे व्हायचं ते झालं. वरच्या कार्यालयातून काकांच्या नावाने खुलासा मागणारं पत्र आलं. डॉक्टर मॅडमनी मला बोलावून विचारलं, "तुमच्या एसओपीत कंडिशनिंग लिहिलेलं आहे की नाही?" मी छाती पुढे काढून म्हणालो, "आहे ना मॅडम, स्पष्ट लिहिलंय."

मग मी एसओपीतला, म्हणजे काम कसं करायचं त्या लेखी कागदातला, तो परिच्छेद पुन्हा वाचला. लिहिणारा मीच होतो. औषधनिर्माण अधिकारी म्हणून शीतसाखळी माझ्याकडे, आणि माझ्या मराठीचा मला थोडा अभिमानही होता. तो परिच्छेद असा होता:

"विद्युत पुरवठा खंडित झाल्यास आयएलआरचे झाकण अनावश्यक उघडू नये व तापमानावर सातत्याने लक्ष ठेवावे. पुरवठा दीर्घकाळ खंडित राहिल्यास अथवा तापमान विहित मर्यादेपेक्षा वाढल्याचे आढळल्यास लसी तातडीने आइस पॅक लावलेल्या कोल्ड बॉक्समध्ये हलविण्यात याव्यात व वैद्यकीय अधिकाऱ्यांना अवगत करून आवश्यकतेनुसार पर्यायी व्यवस्था करण्यात यावी. तत्पूर्वी आइस पॅक योग्य प्रकारे कंडिशन केल्याची खात्री करावी. स्टॅबिलायझरची जोडणी तपासावी तसेच सर्व बाबींची नोंद तापमान नोंदवहीत घेण्यात यावी."

तपासणीला येणाऱ्या साहेबांना हा परिच्छेद फार आवडायचा. कुठेही चूक नाही. सगळं त्यात आहे.

दुपारी ओपीडी संपल्यावर मी काकांना व्हरांड्यात बसवलं आणि म्हटलं, "काल रात्री हे कसं वाचलं ते मला दाखवा. जसं वाचलं तसंच." त्यांनी बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. बोट "लक्ष ठेवावे" वर थांबलं.

"इथं मी झाकण उघडून थर्मामीटर पायलं."

"पण आधीच लिहिलंय ना, झाकण उघडू नये."

"अनावश्यक उघडू नये लिहिलं, सर. लक्ष ठेवा लिहिलं तं ते आवश्यक झालं ना? दर पंधरा मिनिटांनी पायलं मी."

मला उत्तर सुचलं नाही. त्यांचा तर्क माझ्या वाक्यापेक्षा सरळ होता. बोट पुढे सरकलं. "दीर्घकाळ" वर ते पुन्हा थांबले. एक तास झाल्यावर त्यांना तो दीर्घकाळ वाटला. अंधारात, एकट्याने, 40 अंशांच्या खोलीत एक तास बसून बघा, तुम्हालाही वाटेल. मग "तातडीने हलविण्यात याव्यात". त्यांनी तातडीने हलवल्या. फ्रीझर उघडला, पॅक काढले, बॉक्समध्ये लावले, लसी ठेवल्या, झाकण बंद. मग बॉक्सवर टॉर्च ठेवून ते पुढचं वाक्य वाचायला लागले. ते "तत्पूर्वी" ने सुरू होत होतं.

"तत्पूर्वी म्हंजे आधी ना, सर? मंग ते आधी कायले नाही लिहिलं?"

त्यांनी तो शब्द वाचला होता, समजलाही होता. पण तोवर लसी बॉक्समध्ये गेल्या होत्या, आणि "कंडिशन" म्हणजे काय हे त्यांना कुणी हाताने करून दाखवलं नव्हतं. त्यांनी पॅक फडक्याने पुसून घेतले आणि योग्य प्रकारे झालं असं धरलं.

मी तो परिच्छेद मला आठवत गेलं तसा लिहिला होता. कंडिशनिंग मला शेवटी आठवलं म्हणून ते शेवटी आलं. खुर्चीवर बसून सगळा परिच्छेद एका नजरेत वाचणाऱ्याला त्याने फरक पडत नाही. टॉर्च दातात धरून एकेक वाक्य वाचत हात चालवणाऱ्याला पडतो.

त्या रात्री घरी जेवण झाल्यावर मी परिच्छेदाची कापणी काढली. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर कात्रीने चिठ्ठ्या केल्या आणि परिच्छेदातलं एकेक क्रियापद एकेका चिठ्ठीवर लिहिलं. उघडू नये, लक्ष ठेवावे, हलविण्यात याव्यात, अवगत करून, व्यवस्था करण्यात यावी, खात्री करावी, तपासावी, नोंद घेण्यात यावी. चार वाक्यांत आठ कामं निघाली, आणि एकातही कोणी करायचं ते नाही. "हलविण्यात याव्यात". कुणी? "व्यवस्था करण्यात यावी". काकांनी? रात्री बारा वाजता काका कुठली पर्यायी व्यवस्था करणार होते? सरकारी मराठीतला हा कर्मणी प्रयोग म्हणजे बिनमालकाचा बैल आहे, कुणाच्याही शेतात शिरतो.

मग लाल पेनने ज्या शब्दांना माप नाही ते शब्द काढले. अनावश्यक, सातत्याने, दीर्घकाळ, विहित मर्यादा, तातडीने, आवश्यकतेनुसार, योग्य प्रकारे. सात निघाले. या सातही ठिकाणी वाचणाऱ्याला काहीतरी ठरवायचं होतं, आणि कशावरून ठरवायचं ते मी सांगितलेलं नव्हतं. निर्णय तिथे होताच, मी तो एका विशेषणाखाली झाकून ठेवला होता. पायऱ्यांना आकडे घालणं सोपं आहे, वाक्य तोडून पुढे 1, 2, 3 लिहिलं की झालं. पण ही सात विशेषणं तशीच ठेवून मी आकडे घातले असते, तर काकांनी पायरी क्रमांक 4 वर तीच चूक केली असती.

पहिला प्रश्न मला परिच्छेदात सापडलाच नाही, तो काकांच्या बोलण्यातून निघाला. ते म्हणाले होते, "कधी कधी लाइन असते, पण ह्याचाच दिवा बंद असते." म्हणजे माझ्या एका मथळ्याखाली दोन वेगळी दुखणी होती. गावाची लाइन गेली तर वाट पाहायची. खोलीत बल्ब लागतो पण आयएलआर बंद आहे, तर प्लग, बटण आणि स्टॅबिलायझर बघायचा, कारण तिथे नुसती वाट पाहिली तर सकाळपर्यंत काहीच होणार नाही. स्टॅबिलायझर मी परिच्छेदाच्या शेवटी, नोंदवहीच्या शेजारी टाकला होता. तो आता अगदी वर आला, एका प्रश्नाच्या मागोमाग: खोलीतला बल्ब लागतो का?

"दीर्घकाळ"चं काय करायचं यावर मी बराच अडलो. आधी वाटलं, तास लिहून टाकावेत. पण आयएलआर लाइनशिवाय किती तास तग धरेल हे मॉडेलवर, अस्तराचा बर्फ किती पक्का झालाय त्यावर आणि झाकण किती वेळा उघडलं त्यावर अवलंबून असतं. आमच्याकडे दिवसातून चार वेळा लाइन जाते, त्यामुळे अस्तर पुरतं गोठलेलं असेलच असं नाही. शिवाय माणूस झोपेतून उठला तर लाइन कधी गेली हे त्याला कळणार कसं? म्हणून वेळ काढून टाकली आणि फक्त तापमान ठेवलं. तेही झाकण न उघडता वाचता येईल असं, यंत्राच्या बाहेरच्या पट्टीवरचं.

आता मर्यादा. 8 च्या वर गेलं की लस हलवायची, एवढं लिहून मी पेन खाली ठेवलं आणि मग लक्षात आलं की हे जमणार नाही. आकडा 8 झाल्यावर काका पॅक बाहेर काढतील, पॅक सुटायला वेळ जाईल आणि तेवढा वेळ लस 8 च्या वर राहील. किंवा घाईत पुन्हा तेच, सुटण्याआधीच पॅक आत. त्या रात्रीची चूक परिच्छेदातल्या क्रमाची होती खरी, पण तयारीसाठी वेळच न ठेवल्याचीही होती. म्हणून निर्णयाच्या दोन जागा केल्या. 7 झाला की पॅक बाहेर काढून मांडायचे, 8 झाला की लस हलवायची. हा 7 कुठल्या पुस्तकातला नाही. आमची खोली, आमचा उन्हाळा आणि पॅक सुटायला लागणारा वेळ बघून मी तो मॅडमना सुचवला, त्यांनी त्यावर सही केली. दुसऱ्या केंद्रात तो वेगळा निघू शकतो.

"योग्य प्रकारे कंडिशन"चं उत्तर मात्र प्रशिक्षणात आधीच मिळालं होतं, मीच ते कागदावर आणलं नव्हतं. पॅक कानाजवळ धरून हलवायचा. आतून पाण्याचा आवाज आला म्हणजे बर्फ सुटला. मिनिटं सांगायची गरज नाही, सांगूही नयेत. मे महिन्यात आमच्या खोलीत पॅकला बघता बघता घाम फुटतो, आणि डिसेंबरात तोच पॅक दगडासारखा पडून राहतो. कानाला ऋतू मोजावा लागत नाही.

एका ठिकाणी मी उलटी चूक केली. सगळी कारणं कापून टाकली. पायऱ्या म्हणजे नुसती कामं, का करायचं ते प्रशिक्षणात, असा नवा उत्साह. सिस्टरनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "सर, थंडीचीच वस्तू आहे, जास्त थंड झाली तर काय बिघडलं, असं कुणालाही वाटेल की." खरं होतं. काकांनीही त्या रात्री तोच विचार केला असणार. जी पायरी लोकांना फुकटची वाटते, जी घाईत ओलांडावीशी वाटते, तिथे कारण लागतं. एकच ओळ, आणि पायरीच्या आधी. बाकी ठिकाणची कारणं गेली ती गेलीच.

मधला भाग शेवटी असा उतरला:

झाकण उघडू नका. आकडा बाहेरून वाचा.

3. पट्टीवरचा आकडा वाचा. आकडा आणि वेळ वहीत लिहा.

4. आकडा किती आहे?
7 पेक्षा कमी: एक तास थांबा, मग पुन्हा पायरी 3.
7 किंवा जास्त: पायरी 5.

5. सिस्टरला फोन करा. डीप फ्रीझरमधले सगळे आइस पॅक काढून टेबलावर सुटे मांडा.

गोठलेला पॅक लसीजवळ ठेवला तर लस गोठते आणि फेकावी लागते.

6. पॅक कानाजवळ हलवा. पाण्याचा आवाज येतो?
नाही: टेबलावर ठेवा, दहा मिनिटांनी पुन्हा हलवा.
हो: पायरी 7.

7. पट्टीवरचा आकडा पुन्हा वाचा. 8 किंवा जास्त आहे?
नाही: एक तास थांबा, मग पुन्हा पायरी 7.
हो: पायरी 8.

पायरी 8 ला लस हलवायची. पॅक बॉक्सच्या भिंतींना, लसी मधे, खोक्यासकट, वर पुन्हा पॅक, झाकण. पायरी 9 ला मला फोन. लाइन आली तर पायरी 10: आयएलआरचा आकडा 8 च्या खाली उतरेपर्यंत लस परत आत ठेवायची नाही. आणि सगळ्यात खाली, चौकटीत: "लस वापरायची की फेकायची हे तुम्ही ठरवायचं नाही." हे वाक्य मला महत्त्वाचं वाटत होतं. व्हायलवर व्हीव्हीएमची खूण असते, गोलात एक चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चालते, गोलाएवढा किंवा त्याहून गडद झाला तर ती बाद. पण ती खूण फक्त उष्णता दाखवते. त्या सकाळी बॉक्समधल्या बर्फाच्या खड्यांवरही व्हीव्हीएम अगदी नीट, फिकट पांढरी होती. खूण पाहून लस चांगली म्हणायची आणि गोठलेली लस टोचायची, हा धोका रात्रपाळीच्या माणसावर टाकायचा नव्हता. तो निर्णय आमचा, आणि आमच्यासाठी वेगळा कागद.

मग तालीम घेतली. लस असलेल्या आयएलआरची लाइन मुद्दाम बंद करणं शक्य नव्हतं, म्हणून दुपारी खोटंखोटं करायचं ठरलं. काकांनी कागद वाचून हात चालवायचा, पट्टीवरचा आकडा मी चिठ्ठीवर लिहून दाखवायचा. मी अजिबात बोलायचं नाही, असं मॅडमनी मला बजावलं. हे सगळ्यात अवघड गेलं. काका अडले की माझ्या तोंडात उत्तर तयार असायचं.

काका दोनदा अडले. पहिल्यांदा पायरी 6 वर. त्यांनी एक पॅक हलवला, आवाज आला, "हो" म्हणाले आणि सगळेच पॅक उचलले. कागदाप्रमाणे बरोबरच होतं. पण फ्रीझरच्या तळातले पॅक जास्त कडक असतात, ते अजून दगड होते. तिथे "प्रत्येक पॅक" असं लिहिलं. आवाज आलेले डावीकडे, न आलेले उजवीकडे, हेही लिहिलं, कारण पंधरावीस पॅकमधून कोणता हलवला आणि कोणता राहिला हे कुणालाच आठवत नाही.

दुसऱ्यांदा अडले ते माझ्या ढिलाईने. आदल्या दिवशी मी मधे एक नवी पायरी घातली, कॉम्प्युटरने पुढचे आकडे आपोआप सरकवले, पण ओळींमधले "पायरी 5" तसेच राहिले. त्यामुळे आकडा 7 झाल्यावर कागद काकांना पॅक काढायला न पाठवता पुन्हा पट्टी वाचायला पाठवत होता. ते वाचत राहिले, मी चिठ्ठ्या दाखवत राहिलो. तिसऱ्या फेरीला त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हे तं बैलाच्या घाण्यावानी झालं, सर." तेव्हापासून पायरी वाढली की मी प्रत्येक "पायरी अमुक" वर बोट ठेवून तिथपर्यंत जाऊन येतो. डोळ्यांवर भरवसा ठेवत नाही.

कागद लॅमिनेट करून भिंतीला लावला. खुलाशाला उत्तर मी लिहिलं, त्यात जुना परिच्छेद आणि नवा कागद दोन्ही जोडले. काकांवरचं ते प्रकरण पुढे सरकलं नाही, मिटलं असं कुणी लेखी कळवलंही नाही.

मृगाचा पहिला पाऊस आला त्या रात्री माझा फोन वाजला. पावणेदोन वाजले होते.

"सर, लाइन गेली. बल्ब लागत नाही, पायरी तीनवर हाये. पण पट्टीवर आकडाच नाही. काळी झाली ते."

मी अंथरुणात उठून बसलो. ती पट्टी आयएलआरच्या लाइनवरच चालते. लाइन गेली की तीही जाते. तालमीत मी आकडे चिठ्ठीवर लिहून दाखवले होते, त्यामुळे पट्टी विझते हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. लाइन गेल्यावर काय करायचं याच्या कागदात मी लाइनवर चालणारा आकडा वाचायला सांगितला होता.

"कागदात काय करायचं लिहिलंय?" मी उगाच विचारलं.

"कमी असलं तं काय, जास्त असलं तं काय, ते लिहिलं. दिसतच नसलं तं काय ते नाही लिहिलं. म्हून तुमाले फोन केला. झाकण नाही उघडलं."

झाकण उघडलं नव्हतं, हे ऐकून मी पुन्हा आडवा झालो. त्यांना सांगितलं, काही करू नका, भिंतीवर जी पांढरी डबी आहे तिच्यावरचा आकडा बघा. तापमान नोंदवणारी ती डबी, तिची वायर आत सोडलेली, आणि तिला स्वतःची बॅटरी. तिच्यावर 4.6 होता. साडेतीनला त्यांनी पुन्हा फोन केला, 5.1. नंतर लाइन आली.

दुसऱ्या दिवशी पायरी 3 आणि 7 मधली "पट्टी" गेली आणि "पांढरी डबी" आली. पायरी 4 ला तिसरी वाट मिळाली: आकडा दिसत नाही, तर झाकण न उघडता सरांना फोन. डबीतली बॅटरी बदलायची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहिली. आता प्रश्न लिहिला की मी हो आणि नाही या दोन वाटा झाल्यावर आणखी एक शोधतो, माहीत नाही म्हणायची. यंत्र बंद असतं, चष्मा सापडत नाही, फोन लागत नाही. आमच्या खोलीत रेंज खिडकीजवळच येते, हेही त्या कागदावर आहे.

नवीन प्रत लावायला मी जुनी भिंतीवरून काढली, तेव्हा पायरी 1 च्या वर, लॅमिनेशनवर काळ्या मार्करने काहीतरी लिहिलेलं दिसलं. काकांचं अक्षर. आकडा घातला होता 0.

"0. टॉर्च खिडकीत हाये. पयले तो लावा. अंधारात कागद दिसत नाही."

नव्या प्रतीत ती ओळ मी टाइप केली. "हाये" तसंच ठेवलं.